संचिताचे साठ मार्क

नियम संचितानेच लिहिला होता, हे आता कंपनीत फार जणांना आठवत नाही. मला आठवतं, कारण त्या कागदाची भाषा मी तपासली होती.

आमची कंपनी ठाण्यात वागळे इस्टेटला. बँका आणि पतसंस्था आम्हाला त्यांच्या वेबसाईट, अॅप, सर्व्हर फोडून बघायला सांगतात. रीतसर परवानगी देऊन. कुठून शिरता येतं ते शोधायचं, रिपोर्ट द्यायचा, त्यांनी भोक बुजवलं की पुन्हा तपासायचं. मी त्या रिपोर्टचं इंग्रजी नीट करतो. शोधणाऱ्यांमध्ये संचिता सावंत सगळ्यांत जुनी, चौदा वर्षांच्या अनुभवाची. डोंबिवलीला राहायची, नवरा सुदेश तिथल्याच एमआयडीसीत शिफ्टमध्ये, सासू शेवंतीबाई अंथरुणाला खिळलेल्या. वन रूम किचन.

तीन वर्षांपूर्वी आम्ही माणसं घेत होतो. एक मुलगा आला, पर्यायांतून उत्तर निवडायच्या परीक्षेत ब्याण्णव टक्के. संचिताने त्याच्यासमोर सरावाची एक खोटी वेबसाईट ठेवली आणि म्हणाली, "लॉगिनमध्ये काय चुकलंय, दाखव." ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी माहिती अडवायचं साधं टूलही त्याला चालवता आलं नाही. टूलचं नाव, व्याख्या, सगळं पाठ होतं. नंतर त्यानेच सांगितलं, टेलिग्रामवर फुटलेले प्रश्न मिळतात, आठ दिवस घोकले की झालं.

संचिता त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी तिने मॅनेजमेंटला पानभर लिहिलं. टीम लीड व्हायचं किंवा राहायचं असेल तर हाताने काम करून दाखवायची लॅब परीक्षा पास हवी. चोवीस तास, समोर अनोळखी मशीन, खरंच आत शिरून दाखवायचं. चार पर्यायांतून एकावर टिक मारणाऱ्याच्या हातात बँक देऊ नका. जुन्या लोकांना दोन वर्षांची मुदत.

बँकाही तेव्हा टेंडरमध्ये तेच मागायला लागल्या होत्या. नियम लगेच पास झाला. स्वतः संचिताकडे होतं ते जुनं, पर्यायवालं सर्टिफिकेट.

"तुझं काय?" मी विचारलेलं.

"देईन की. मला कोणाला घाबरायचंय?"

मुदत संपत आली तेव्हा तिने तारीख घेतली. परीक्षेत वेबकॅम सतत चालू असतो, परीक्षक स्क्रीन बघत असतो, खोलीत दुसरं माणूस आलेलं चालत नाही. तिच्या घरात शेवंतीबाईंची कॉटच टेबलाला लागून. कोपरीला आमच्याकडे आईची खोली रिकामी होती. मी म्हटलं, ये.

ती सकाळी आठला आली. डबा, चष्म्याचे दोन जोड आणि स्वेटर घेऊन. ओळखपत्र कॅमेऱ्याला दाखवलं, खोली चारी बाजूंनी फिरवून दाखवली आणि दार लावून घेतलं. दुपारी ब्रेकला बाहेर आली तेव्हा खूश होती.

"दोन मशीन पूर्ण झाल्या रे. चाळीस मार्क. सत्तर हवेत."

"मग होणार तर!"

"तिसरीत शिरलेय. साध्या युजरचे दहा मिळाले. आता अॅडमिन व्हायचंय."

तिथेच ती पाच तास अडकली. नंतर तिने मला समजावलं. तिला वाट दिसली होती. त्या मशीनवर एक जुनी सर्व्हिस, म्हणजे सतत चालू असणारा प्रोग्रॅम होता, तिच्यावर थेट हल्ला केला असता तर बहुतेक आत जाता आलं असतं, नाहीतर ती कोसळली असती. संचिताने हल्ला केला नाही. आधी सगळ्या सेटिंग वाचल्या, नोंदी केल्या, दुसरा सुरक्षित रस्ता आहे का ते बघत बसली. बँकेच्या चालू सर्व्हरवर चौदा वर्षं तिने हेच केलेलं.

"अगं, पण ते परीक्षेचं मशीन ना?"

"रिसेटचं बटण होतं तिथे," ती म्हणाली. "मला माहीत होतं. हात गेला नाही."

उरलेला वेळ तिने ऑफिसच्या नेटवर्कसारख्या जोडलेल्या तीन मशीनच्या संचावर घालवला. त्यातलं पहिलं उघडलं, दहा मिळाले. पुढचं नाही. हे काम आमच्याकडे दुसरी टीम करते. तिने वर्षानुवर्षं बँकांची अॅप आणि पैसे पाठवायची यंत्रणा तपासली होती, पण परीक्षा तिला तिचं खास काम कुठलं ते विचारत नव्हती. साठ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला जोडणी आपोआप तुटली. ती बाहेर आली आणि आधी सुदेशला फोन करून विचारलं, "आईंना औषध दिलं का?"

दुसऱ्यांदा बसायला मध्ये काही आठवडे थांबावं लागतं. तेवढ्यात शेवंतीबाईंना न्यूमोनिया झाला. तरी ती बसली, माझ्याकडेच. या वेळी जपणं सोडलं, दिसेल त्यावर तुटून पडली. चाळीस मिळाले.

आमचे मॅनेजर मयूर सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी रिपोर्ट घेऊन तिथेच उभा होतो.

"संचिता, मी वर बोललो. अपवाद करा म्हटलं. पण बँकेला लीडचा सर्टिफिकेट नंबर लागतो. अनुभवासाठी फॉर्ममध्ये जागाच नाही."

"अपवाद नकोच, सर."

"तू म्हणत असशील तर मी लिहून देतो, की ही परीक्षा चौदा वर्षं काम केलेल्या माणसाला मोजू शकत नाही."

तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "माझ्यासारख्या दहा जणांना सूट दिलीत, तर त्यांतले आठ पाठांतरवाले निघतील. नियम बरोबर आहे, सर. मी त्यात बसत नाही, एवढंच."

लीडपद ऐश्वर्याकडे गेलं. सव्वीस वर्षांची, हुशार, पहिल्याच फेरीत पास. तिला स्वतःलाच अवघडल्यासारखं व्हायचं. "ताई, क्लायंटच्या मीटिंगला तुम्ही बोला ना," म्हणायची. पण मीटिंगला कोण बसणार ती नावंही कागदावर ठरलेली असत. संचिता मागे बसून तिचे रिपोर्ट तपासायची. वर्षअखेरीस ते काम माझ्याकडच्या कामात मिसळलं आणि संचिताची जागा संपली.

तिने दुसरीकडे अर्ज केले. सगळ्या जाहिरातींत तीच अट. काही ठिकाणी तर पहिली चाळणी कॉम्प्युटरच लावायचा, अर्ज माणसापर्यंत पोचतच नव्हता. तिसऱ्यांदा बस, म्हणून मी मागे लागलो. खोली आहे, म्हटलं.

"सिद्धेश, एकदा नापास झाले तेव्हा वाटलं, वेळ कमी पडला. दुसऱ्यांदा कळलं, मला तसं खेळता येत नाही. शिकायचं तर वर्षभर रोज तीन-चार तास सराव हवा. ते तास कुठून आणू?"

ऐश्वर्या अजून तिला फोन करते. एखाद्या बँकेची जुनी यंत्रणा समोर आली, की कशाला हात लावायचा नाही हे विचारायला. संचिता सगळं सांगते.

आता ती डोंबिवलीत एका क्लासमध्ये शिकवते. तीच पर्यायांची परीक्षा. मी गेल्या महिन्यात गेलेलो. वीसेक मुलं होती, फळ्यावर प्रश्न, खाली चार उत्तरं. एका मुलीने तिसऱ्या उत्तराकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, पण खऱ्या कामात आधी हेच करतात?"

संचिताने खडू खाली ठेवला. वाटलं, आता खरं काम कसं करतात ते सांगेल. तिने घड्याळाकडे बघितलं.

"पेपरात तिसरा पर्याय लिहा," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."