मायच्या माहेराचा तालुका

आजोबा गेल्यावर महिनाभरात मामा बीडला आमच्या घरी आला. हातात टाईप केलेला कागद होता. हक्कसोडपत्र.

"उद्या रजिस्ट्रीला चल, आक्का," तो मायला म्हणाला. "बहिणीनं हक्क सोडायचा, रीतच हाय ती."

माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मी न्हाई सोडत."

मामानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग उठता उठता हसला. "जा मग कचेरीत. आपली वाडी कुठल्या दफ्तरात हाय, त्ये तरी म्हाईत हाय का तुला?"

नव्हतं. मलाही नव्हतं. वाडीला जायचं म्हणजे एसटीतून फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालत जायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. कागदाची कामं आजोबा करायचे, नंतर मामा करू लागला. मी रात्री फोनवर सातबारा शोधला. माय सांगत होती तो तालुका निवडला, पण गावांच्या यादीत वाडीचं नावच नव्हतं.

"न्हाई कसं? ईतभर का होईना, जमीन हाय ना तिथं? उद्या जाऊ," माय म्हणाली.

मी शिवणाची मशीन झाकली आणि सकाळच्या गाडीनं आम्ही त्या तालुक्याच्या तहसीलला गेलो. पहिल्या टेबलावरच्या माणसानं यादी चाळली. "असं गाव आमच्याकडं नाही." मायनं तिथंच फरशीवर बसकण मारली. "मग तसं लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी. माझा बाप कुठंच राहत नव्हता, असं लिहा."

आवाज ऐकून आतल्या खोलीतले एक वयस्कर अव्वल कारकून बाहेर आले. त्यांनी वाडीचं नाव विचारलं नाही. "शेजारी कुठली गावं आहेत, मावशी?" मायनं बोटावर मोजत सांगितली. ओढ्यापलीकडचं एक, माळावरचं एक, आणि जिथं ती लहानपणी दळण न्यायची ते मोठं गाव.

"हां," ते म्हणाले. "नवा तालुका झाला तेव्हा ती गावं तिकडं गेली. आणि तुमची वाडी महसुली गाव नाही. त्या मोठ्या गावाच्या शिवारात आहे. सातबारा त्या गावाच्या नावानं शोधा. ग्रामपंचायतही तीच, गटग्रामपंचायत."

मी तिथंच फोन काढला. नवा तालुका, मोठं गाव, आजोबांचं नाव. सातबारा उघडला. मायला वाचता येत नाही, तरी तिनं फोन हातात घेतला आणि नावावरून अंगठा फिरवला. स्क्रीन भलतीकडंच सरकली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीला कुलूप होतं. ग्रामसेवकाकडं तीन गावं, इथं येण्याचे वार दारावर लिहिलेले. त्या वारी पुन्हा गेलो. आजोबा वाडीतल्या घरीच वारले होते, म्हणून मृत्यूची नोंद तिथंच होती. ग्रामसेवकांनी विचारलं, "दाखला भाऊ घेऊन गेलेत की. तुम्हाला कशाला?"

"त्यानं त्याच्या बापाचा न्हेला. मला माझ्या बापाचा पायजे."

ते हसले आणि दाखला दिला.

बाहेर पारापाशी मामा उभा. कुणीतरी कळवलं असणार. "माहेर तुटंल, आक्का."

"जमीन मागितल्यानं तुटत असंल तर त्ये माहेर कधी व्हतं?" ती त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन म्हणाली. मग माझा हात धरून चालू लागली. तिची पावलं नेमकी पडत होती.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडं द्यायचा असतो. तलाठी दोन खेपांत भेटले नाहीत, म्हणून आम्ही नव्या तालुक्याची तहसील गाठली आणि तिथं आवक खिडकीत अर्ज दिला. माझ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक मागून घेतला. अर्ज खाली तलाठ्याकडं गेला. आठवडाभरात त्यांचाच फोन आला. वारसांत आजी, मामा आणि माय अशी तीन नावं लिहून त्यांनी फेरफार धरला, सगळ्यांना नोटिसा गेल्या. मामानं हरकत घेतली. सुनावणीत मंडळ अधिकाऱ्यांनी त्याला एकच विचारलं, "ही तुमची सख्खी बहीण आहे की नाही?" तो खाली बघत "हाय" म्हणाला. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर मायचं नाव लागलं.

मामा अजून बोलत नाही. दिवाळीला मायला कुणी न्यायला आलं नाही. ती आपली आपण एसटीनं गेली, फाट्यावर उतरली, आजीला भेटली. घरात कुणी पाणी विचारलं नाही, तेव्हा रांजणातून स्वतःच घेतलं. मग बांधावर जाऊन दुपारभर एकटी बसली.

"काय केलंस तिथं?" मी विचारलं.

"काय करायचं? बसले. माझंच हाय की."