कडबाकुट्टीची शेवटची अट

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काका आमच्याकडे मुलुंडला राहिले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, पण जीव गावच्या गोठ्यात. एका दुपारी म्हणाले, "लिही गं. शेजारच्या दोघांना एकच पत्र, दोन प्रती."

ते दोघे बांधाच्या भांडणावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. फोन केला असता तर आधी कोणाला केला यावरून रुसले असते. म्हणून पत्र.

कोयत्याने कडबा तोडून काकूचा खांदा निकामी होत चालला होता. अख्खा कडबा टाकला तर म्हशी पाला खायच्या आणि धांडे तुडवायच्या. कडबा बारीक कापणारं यंत्र, कडबाकुट्टी, हवीच होती, पण एकट्याला झेपणारी नव्हती.

"यंत्र आणि मोटर तिघांनी सारख्या हिश्शाने घ्यायची," काका सांगत गेले. "ठेवायची माझ्या गोठ्याशेजारी. मीटर वेगळा, जो जेवढी वीज जाळेल तेवढी त्याने भरायची. आठवड्यात प्रत्येकाचे दोन दिवस. रविवारी तेलपाणी आणि पात्यांना धार, खर्च तिघांचा. पेंढीत तार राहून पातं तुटलं तर ज्याची पाळी त्याचा खर्च."

मग म्हणाले, "शेवटची अट. एकट्याने यंत्र चालवायचं नाही. आणखी एकाने यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभं राहायचं. दांडा ओढला की पेंढी आत खेचणारे रोलर थांबतात. माझ्या पाळीला तुम्हा दोघांतला पहिला, पहिल्याच्या पाळीला दुसरा, दुसऱ्याच्या पाळीला मी."

"काका, ते दोघं एका जागी? घरचा माणूस का नको?"

"घरच्याला आपण पाणी आणायला पिटाळतो. परका जागचा हलत नाही."

काका गावी परतल्यावर दोघांची उत्तरं आली. शेवटची सोडून सगळ्या अटी मान्य. काका म्हणाले, मग यंत्रच नको. काकू कोयता चालवत राहिली. मी फोनवर चिडले, "खांद्यापेक्षा अट मोठी का?"

"खांदा निदान दुखतो तरी," काका म्हणाले. "हात गेला तर दुखायलाही उरत नाही."

असा हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. अखेर त्या दोघांच्या बायकांनीच कोयते खाली ठेवले, तेव्हा दोघांनी ती अट मानली आणि यंत्र आलं.

उन्हाळ्यात मी गावी गेले, त्या दिवशी पहिल्या शेजाऱ्याची पाळी होती. दुसरा तोंड फिरवून उभा, हात मात्र दांड्यावर. पेंढी सरकवताना पहिल्याची लोंबती बाही धांड्यांत अडकली आणि तो ओरडला. दुसऱ्याने दांडा ओढला, मग बटण बंद केलं. बाही फाटली. हात शाबूत होता.

पहिला तिथेच खाली बसला. दुसरा दांडा सोडून त्याच्याजवळ आला.

"बाह्या दुमडून काम करावं की रे," तो म्हणाला, आणि वाकून त्याची दुसरी बाही स्वतःच दुमडू लागला.