तोंडावरचा टॉवेल

"तो माझ्या बहिणीच्या लग्नात दिसला ना, तर मांडवाच्या खांबाला उलटा टांगीन!"

मी ओटीवर उभा राहून ओरडत होतो. माझा आवाज असा, की बंदरातून निघालेल्या होड्या वादळ आलं समजून परत फिरल्या असतील. आदल्या संध्याकाळी बहिणीची हळद झाली होती, आज गोरज मुहूर्तावर लग्न. आणि मी सकाळीच माझ्या सर्वांत जुन्या दोस्ताला वऱ्हाडातून हाकलायला निघालो होतो.

सावर्ड्याहून आलेली माझी आत्या विळीवर नारळ खवत बसली होती. तिने मान वर केली नाही. "आधी खांब घट्ट पूर, मेल्या. कालपासून डुगडुगतोय. केलं काय त्याने?"

"काय केलं? नाक मुरडलं! त्याचा भाऊ कुवेतला गेल्यापासून साहेब झालाय. आमच्या मांडवाचा वास येतो त्याला! आमचे वडे त्याच्या घशाखाली उतरत नाहीत! आणि माझी गोष्ट पाडली!"

हे शेवटचं खरं दुखणं. हेदवीच्या समुद्रात एका माशाने मला होडीसकट गुहागरपर्यंत ओढत नेलं, ही माझी गोष्ट. मासा दरवर्षी हातभर वाढतो. पण दर वेळी मासा मोठा झाला की हा दोस्त शेजारून म्हणायचा, "होय, मी होतो ना तिथे." त्या एका वाक्यावर अख्खा मासा तरंगायचा. काल तो शेजारी नव्हता. आमचे पाहुणे जांभया देत बसले, आणि एकाने तर विचारलं, मासा बांगडा होता का!

"नाक मुरडलेलं तू बघितलंस?" आत्याने विचारलं.

"तोंडावर टॉवेल होता."

"मग टॉवेलातून नाक दिसलं तुला?"

मी मांडवाचा खांब हलवून बघितला.

"बघितलंस तेवढंच बोल. एक शब्द जोडू नको."

मला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. तरी दात खात बोललो: तो लांब, विहिरीपाशी बसला. तोंडावर टॉवेल धरला. जेवला नाही. न सांगता गेला.

"झालं. बाकी सगळा तुझा मासा," आत्या म्हणाली. "त्याची दाढ दुखत असेल, घरात काही झालं असेल. नायतर खरंच तुझ्यावर रागावला असेल. तुला ठाऊक नाय, मला ठाऊक नाय. तर जा, एकटा गाठ त्याला. हे चार शब्द सांग, तुला काय वाटलं ते सांग, आणि विचार. विचारलंस की गप्प राहा. त्याचं उत्तर तू देऊ नको."

वाटेभर मी त्याला शिव्या घातल्या. वाटेकडेच्या कुंपणाला, गडग्याच्या दगडाला लाथ मारली. दगड हलला नाही, अंगठा सुजला. तोही राग त्याच्याच नावावर.

तो पडवीत पाठमोरा बसला होता. "काय शेटजी," माझ्या तोंडून सुटलंच, "कुवेतचं अत्तर..." आणि आत्याची विळी आठवली. जीभ चावली. रागाने कान तापले होते, पण बोललो ते असं: "काल तू लांब बसलास. तोंडावर टॉवेल होता. जेवला नाहीस. न सांगता गेलास. मला लागलं ते. माझं काही चुकलं का, की तुलाच काही झालंय?"

आणि गप्प बसलो. आयुष्यात एवढं जड ओझं मी उचललेलं नाही. तो बोलेना. माझ्या ओठांवर दहा उत्तरं येऊन धडका देत होती, एकाहून एक विषारी. मी ती सगळी गिळली.

तो वळला. टॉवेल काढला.

खालचा ओठ काकडीएवढा सुजलेला, हनुवटीपर्यंत काळे चट्टे, मधे पाणी धरलेले फोड, वर खोबरेल चोपडलेलं. काल सकाळी हापूसच्या कलमाखाली उभा राहून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवताना देठ तुटला होता आणि चीक थेट तोंडावर उडाला होता. आंब्याचा चीक माणसाला आगीसारखा भाजतो.

"तिखट खाता येईना," तो ओठ न हलवता म्हणाला. "हसलो की फाटतो."

"मग माझ्यापासून लांब का बसलास?"

"जवळ बसलो असतो तर हसलो असतो."

एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता. त्या आंब्यावर, त्या देठावर, रात्रभर जळत पडलेल्या माझ्या डोक्यावर! "मग मला सांगायला काय झालं होतं, गाढवा? मी इकडे तुला खांबाला टांगत होतो! संध्याकाळी ये! नाय आलास तर खाटेसकट उचलून नेईन! आणि खबरदार, माझ्यापासून लांब बस!"

"लांबच बसणार होतो," तो म्हणाला.