उभ्या उभ्या मेलेला टायर

आमच्या घरी स्कूटर आली आणि जावई आल्यासारखी बसली. बल्लारपुरात आमचं घर रेल्वे स्टेशनपासून दोन किलोमीटरवर. आमचे हे रोज सकाळी स्कूटरवर ऐटीत स्टेशनला जात, तिथल्या स्टँडवर ती लावत आणि रेल्वेने चंद्रपूरच्या ऑफिसला जात. संध्याकाळपर्यंत स्कूटर उन्हात उभी. मी मात्र नऊ किलोमीटरवरच्या जंगलातल्या शाळेत मास्तरीण, एसटीच्या भरवशावर. एसटीची मर्जी असेल तर वेळेवर, नाही तर लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापत. दिवाळीपर्यंत माझ्या सगळ्या रजा अशाच संपल्या. पुढच्या लेटमार्कांना पगार कापू, असं हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं.

यांनी त्यावर शांतपणे तोडगा सुचवला, नोकरी सोड म्हणून. असा संताप आला म्हणता! मी म्हटलं, नोकरी कशाला सोडायची, मले स्कूटर शिकवा. तर साहेबांनी वर्षाचा खर्च कागदावर काढून पुढे ठेवला. विमा, पेट्रोल, दोन सर्व्हिसिंग, टायर, स्टँडचा पास. स्टेशनला जातो तर एवढा खर्च, तू जंगलात नेशील तर घर विकावं लागेल, असा एकूण सूर. वर आणखी, तुझ्याजवळ लायसन नाही, काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. हे शेवटचं खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं.

नेमका त्याच महिन्यात मागचा टायर बसला. बाजाराच्या वाटेवर आम्ही दोघं होतो, तशीच ढकलत मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री म्हणजे गावातले जुने चाचा. आधीच्या दुकानदाराने टायर खराब दिला, या तक्रारीचं भाषण यांनी वाटेतच तयार केलं होतं. चाचांनी चाक काढलं, टायर हातात फिरवला. नक्षी जशीच्या तशी, बाजू मात्र उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगाळलेल्या. सायलेन्सरही काजळीने बुजला होता. दोन किलोमीटर जाऊन थांबते, इंजिन नीट गरम होत नाही, म्हणून काजळी धरते, असं त्यांनी समजावलं. मग यांच्याकडे बघून म्हणाले,

"भाऊ, टायर घासून नाई मेला. उन्हात उभा राहून राहून मेला."

घरी आल्यावर मी तो खर्चाचा कागद पुन्हा मांडला. विमा तर गाडी चालो की उभी राहो, तेवढाच. टायर आणि सर्व्हिसिंगचा अर्धा खर्च उभं राहण्याचा. स्टँडचा पास तर उघड उघड उभं राहण्याचाच! मी तुम्हाला स्टेशनवर सोडते, गाडी शाळेत नेते, संध्याकाळी घ्यायला येते, मग पास कशाला? बायकोच्या मागे बसून स्टेशनला जायचं, आणि तेही ऑफिसच्या मंडळींसमोर, हे यांचं खरं दुखणं होतं. पण ते कागदावर लिहिता येत नव्हतं ना!

शिकाऊ लायसन काढलं. शिकवणारा म्हणून यांनाच मागे बसावं लागलं. पहिला आठवडाभर माझा क्लच कमी आणि यांचा आरडाओरडाच जास्त. पक्कं लायसन मिळाल्यावर मी यांना स्टेशनवर सोडू लागले. वाटेवर गावातल्या पेपरमिलचे लोक बघत, हे चपलेकडे बघत. कोणी हसलं तर मीच दुप्पट हसायची. शाळेत लेटमार्क बंद झाले. एक दिवस तर हेडमास्तरांच्या आधी पोचून त्यांची वाट बघत बसले.

वर्ष भरलं तेव्हा यांनी पुन्हा कागद काढला. त्यात काय निघणार ते मला ठाऊक होतं. पास वाचला, पण पेट्रोल चौपट झालं होतं, सर्व्हिसिंग एक वाढलं, आणि जंगलच्या रस्त्यावरच्या गिट्टीने मागचा टायर गुळगुळीत केला होता. बेरीज आधीपेक्षा जास्तच. यांनी कागदाची घडी घालून ठेवली. मी रात्रभर कूस बदलत राहिले, आता पुन्हा एसटी म्हणून.

सकाळी आम्ही चाचांकडे गेलो. त्यांनी टायर बघितला, चांगला घासला म्हणून खूश झाले आणि विचारलं, जुन्यावरच रबर चढवून देऊ का, निम्म्यात होईल. मी हो म्हणणार, तेवढ्यात हे बोलले.

"नाई चाचा, नवाच टाका. हिची नोकरी चालून राह्यली त्याच्यावर."

मला एकदम रडू आलं. चाचांसमोर काय रडायचं, म्हणून मी पदर लावून डोळ्यात धूळ गेल्याचं सांगितलं. नवा टायर बसेपर्यंत हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. बसला तशी यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतःच मागच्या सीटवर जाऊन बसले.