पायथागोरसकडे परत जाणारा बाण

दहावीचे भूमितीचे पेपर घरी आले की मी माणसात नसते, असं माझा नवरा म्हणतो. मला ते मान्य आहे. मार्च निम्मा सरलेला, नागपूरचं ऊन कामाला लागलेलं, कूलर अजून गच्चीवरच्या खोलीत, आणि जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मी चार पेपर तपासते, उठते, पाणी पिते, गॅलरीत जाऊन येते, पुन्हा बसते. एका जागी टिकत नाही. वर्गात मुलांना मात्र सांगते, बुड टेकवून अभ्यास करा.

त्या वर्षी पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करायला आलं होतं, तीन गुणांना. त्याची पुस्तकातली सिद्धता मुलांनी घोकलेली असते. काटकोनातून कर्णावर लंब टाकायचा, झालेले दोन छोटे त्रिकोण मोठ्या त्रिकोणाशी समरूप दाखवायचे, दोन समीकरणं मांडायची आणि बेरीज करायची. तीच आकृती पाहून पाहून माझा लाल पेन आपोआप चालायला लागला होता. मग एका पेपरात वर्तुळ निघालं.

पायथागोरसला वर्तुळ? मी आधी चिडलेच. मग वाचलं. मुलानं (मुलगा की मुलगी, मला काय माहीत, बैठक क्रमांक स्टिकरखाली झाकलेला असतो) काटकोन त्रिकोणाच्या एका लहान बाजूला त्रिज्या केलं होतं. तिच्या काटकोनाकडच्या नव्हे, दुसऱ्या टोकाला केंद्र धरून वर्तुळ काढलं. उरलेली लहान बाजू त्रिज्येच्या टोकाशी लंब, म्हणून ती स्पर्शिका. कर्ण केंद्रातून पुढे वाढवला, ती छेदिका. आता स्पर्शिकेचा वर्ग म्हणजे छेदिकेच्या दोन तुकड्यांचा गुणाकार, हे वर्तुळाच्या प्रकरणातलं प्रमेय. एक तुकडा कर्ण वजा त्रिज्या, दुसरा कर्ण अधिक त्रिज्या. गुणाकार केला की कर्णाचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग. संपलं. पुस्तकाला पानभर लागतं, याला पाच ओळी.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे पुस्तकात नाही. चालेल का?’

बाकी पेपर यथातथाच होता. रचना अर्धवट, त्रिकोणमिती कोरी. हे तीन गुण सोडले तर हाताशी फारसं काही लागत नव्हतं, आणि बीजगणितात त्यानं काय दिवे लावलेत ते मला कळणार नव्हतं. म्हणजे हे तीन गुण त्याला तारू शकत होते किंवा त्यांच्यावाचून तो बुडू शकत होता.

प्रश्न साधा होता. पुस्तकात पायथागोरस आधी येतो, वर्तुळ नंतर. वर्तुळाच्या त्या प्रमेयांत कुठेतरी पायथागोरसच वापरलेला असेल, तर या मुलानं जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं, आणि मग शून्य. वापरलेला नसेल तर पूर्ण तीन. मधलं काही नाही.

मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि नकाशा काढायला घेतला. वर पायथागोरस. प्रत्येक प्रमेयापासून बाण काढायचा तो त्याला ज्याची गरज लागते त्याच्याकडे. एकही बाण फिरून वर आला नाही, तर पोरगं सुटलं.

पहिला बाण स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांच्या प्रमेयाकडे गेला. त्याला त्रिकोणांची समरूपता लागते, ती दोन कोन समान दाखवून मिळते. ती कसोटी उभी आहे प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयावर आणि ते क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावर. तिथे पायथागोरस नाही. कोन समान दाखवायला स्पर्शिका आणि जीवा यांमधल्या कोनाचं प्रमेय लागतं. त्याला अंतर्लिखित कोन, त्याला समद्विभुज त्रिकोण आणि बाह्यकोन. शिवाय स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हे, आणि ते एकरूप त्रिकोणांवरून येतं. इथेही नाही. मला एकदम हलकं वाटायला लागलं.

मग राहिलेला बाण. त्रिज्येच्या टोकाशी लंब असलेली रेषा स्पर्शिकाच असते, हे कशावरून? त्या रेषेवरचा दुसरा कुठलाही बिंदू केंद्रापासून अधिक दूर असतो, कारण ते अंतर कर्ण होतं आणि कर्ण बाजूपेक्षा मोठा. कर्ण मोठा कशावरून? वर्गात मी दरवर्षी बिनधास्त सांगते, पायथागोरसवरून दिसतंच की.

बाण सरळ वर गेला.

“काहून वं, जेवायचं नाही का?” नवरा संत्रं सोलत म्हणाला. “तीन मार्कांसाठी इतका जीव काढून राहिली तू?”

“तो विचारून राहिला ना मले,” मी म्हटलं. “चालेल का म्हणून.”

त्यानं अर्धं संत्रं माझ्यापुढे ठेवलं. मला ते गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा नियामक सरांकडे द्यायचा होता. परीक्षकांनी तपासलेले पेपर ते पुन्हा पाहतात. माझ्याहून बरेच वडील, धरमपेठेत राहतात, आणि त्यांच्यापुढे बोलताना माझी जीभ नेहमी अडखळते. बाण वर गेला होता तरी शून्य द्यायला मन धजलं नव्हतं, म्हणून त्या पेपरात मी पेन्सिलनं तीन लिहून, सोबत नकाशा ठेवून नेलं होतं. सरांनी उत्तर वाचलं, नकाशा पाहिला, आणि त्यांचं बोट नेमकं त्या बाणावर थांबलं.

“हे पहा मॅडम. चक्र झालं. मागच्या प्रकरणाले पुढचं प्रकरण लावून राहिला तो. शून्य.”

“प्रकरण पुढचं असलं म्हणून काय झालं सर? आधी छापलं म्हणजे आधार झालं का?” माझा आवाज चढला. मला माझाच राग येत होता, तो त्यांच्यावर निघाला.

“मग कर्ण मोठा, हे कशावरून सांगता?”

मी पेपर पुन्हा पुढे ओढला. समोर त्या मुलाची आकृती होती, काटकोनात छोटा चौकोन गिरवलेला. त्या चौकोनाकडे पाहता पाहता मला सुचलं, आणि मी पटकन बोलून टाकलं, नाहीतर निसटलं असतं.

“काटकोन त्रिकोणात दुसरा काटकोन असतो का सर? नसतो. बाकीचे दोन मिळून नव्वद. म्हणजे काटकोन सर्वांत मोठा. आणि मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी. हे नववीचं आहे.”

“त्याले काय लागते?”

“समद्विभुज त्रिकोण आणि बाह्यकोन. पायथागोरस नाही.”

त्यांनी माझ्या हातातला खोडरबर घेतला आणि वर जाणारा बाण स्वतः पुसला. खाली नवा काढला, नववीकडे. मग सगळ्या बाणांवरून वरून खालपर्यंत बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. शेवटी त्या बारीक ओळीपाशी आले. ती त्यांनी आता वाचली असावी.

“चालते,” ते म्हणाले. मला नाही, त्या पानाला.

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायला पेन शोधू लागले. त्या ओळीखाली मला लिहायचं होतं, चालतं रे, छान चालतं. पण उत्तरपत्रिकेवर परीक्षकाला आकड्याशिवाय एक अक्षर लिहायची मुभा नाही. मी पेन्सिलीचा तीन खोडला आणि लाल पेननं पुन्हा तीन लिहिला, नेहमीपेक्षा मोठा, समासाची रेघ ओलांडून त्याच्या प्रश्नचिन्हाच्या अगदी शेजारी.