दहाच्या शेअरचे दोन

दत्ताराम पेडणेकर आमच्या मुलुंडच्या पंप कारखान्याचा अकाउंटंट. मी, कुंदा, शेजारच्या टेबलावर टायपिस्ट. माणूस इतका नेटका, की खोडरबरसुद्धा रुमालात गुंडाळून ठेवी. लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत, आणि त्याचाच मला राग यायचा.

एकोणऐंशी साली कंपनीनं नवे शेअर काढले. ‘ताळेबंद भक्कम आहे,’ असं सांगत दत्ताराम आपल्या चाळभर फिरला. त्याच्या शेजारच्या शेवंतीकाकींनी वारलेल्या नवऱ्याच्या फंडातले तीन हजार काढून दहा रुपयांचे तीनशे शेअर घेतले.

भक्कम कसला डोंबल! ओतशाळेतली भट्टी वर्षभर आधीच तडकून बंद पडली होती. मालक म्हणाले म्हणून दत्तारामनं ती वहीत तीन लाखांना तशीच ठेवली, घसारासुद्धा लावला नाही. आकडे मीच टाइप केले. मीही गप्प बसले.

चौऱ्याऐंशीपर्यंत साठलेला तोटा बारा लाखांवर पोचला. भांडवल कागदावर वीस लाख; तोटा आणि वहीतले फुगवलेले आकडे वजा केले, तर खरं उरलेलं चारच. तोटा असा डोक्यावर असताना लाभांश निघेना, नवा पैसा कुणी घालीना. मग ठराव आला: दहाचा शेअर दोनचा करायचा. सुटलेल्या सोळा लाखांतून बारा लाखांचा तोटा पुसायचा, तीन लाखांची भट्टी आणि कंपनीच्या नावलौकिकाची किंमत म्हणून दाखवलेलं एक लाखाचं गुडविल उडवायचं. सभेत काकींनी दत्तारामकडे बघूनच हात वर केला. तीन-चतुर्थांशाहून जास्त मतं पडली, पुढं हायकोर्टानंही मान्यता दिली.

मग शेअरचे जुने दाखले मागवून त्यांच्यावर नव्या किमतीचा शिक्का मारायचं काम दत्तारामकडे आलं. काकी दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन आल्या.

“दत्ता, माझे आठ रुपये कुणाला मिळाले रे?”

“कुणालाच नाही, काकी. ते आधीच गेले होते. वहीनं आत्ता कबूल केलं.”

“आधी म्हणजे कधी?”

दत्तारामची मान खाली गेली. “भट्टीपायी गेलेले तर, तुम्ही शेअरचे पैसे दिलेत त्याच्याही आधी. मला माहीत होतं.”

मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकींचा आवाज मात्र मऊ झाला, आणि तेच जास्त लागलं.

“तुझंही गेलंच असेल ना रे. काढ तुझा दाखला, दोघांचे एकदम मार.”

सभासदांचं रजिस्टर त्याच्यासमोर उघडंच होतं. त्यानं ते काकींकडे वळवलं.

“माझं नाव नाही त्यात. मी एकही घेतला नव्हता.”

काकींनी दाखला त्याच्यासमोर सरकवला. “मार शिक्का,” म्हणाल्या.

त्यानं मारला. नेहमी सरळ मारणाऱ्या माणसाचा शिक्का त्या दिवशी तिरका पडला.