घेणाऱ्याच्या नावे

कानडी मुलखात, चिकपेटेच्या बाजारात आमचं दुकान होतं, शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं. अस्तर, बक्रम, गुंड्या, दोऱ्याची रिळं. माझे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून ते चालवीत. यजमान गेले तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. थोरल्या दिरांना मी अण्णा म्हणत असे आणि जाऊबाईंना अक्का. त्या दोघांनी आम्हाला आपल्याजवळच ठेवलं. जेवणाखाणाचा कधी कुणी हिशेब केला नाही. तरी मी घरात पाय न वाजवता वावरायची. चहाचा दुसरा कप कुणी पुढे केला तर नको म्हणायची.

दर रविवारी दुपारी दुकानाच्या हिशेबाच्या वह्या घरी येत. कीर्दीतल्या, म्हणजे रोजच्या वहीतल्या, आठवड्याच्या नोंदी खतावणीत उतरल्या आहेत की नाही, हे ताडून पाहायला दोन माणसं लागतात. एकानं कीर्द वाचायची, दुसऱ्यानं खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर ती रक्कम शोधून खूण करायची. वाचायचं काम यजमानांचं होतं. ते गेल्यावर अण्णा काही आठवडे एकटेच दोन्ही वह्या उलटसुलट करत बसले, आणि एक दिवस अक्काला म्हणाले, "हिला वाचता येतं ना? बसव की."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण अक्षर लागायचं. मी पदर सावरून भिंतीशी बसे आणि हळू आवाजात वाचे. अक्का शेजारी भाजी निवडत असे.

"स्वल्प मोठ्यानं गं," ती म्हणायची. "रक्कम तुझ्या पोटातच राहते."

कीर्दीला दोन बाजू. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ज्यानं पैसे आणून दिले त्याचं नाव डावीकडे. ज्याला पैसे किंवा माल दिला त्याचं उजवीकडे. नावे म्हणजे उधारी, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. माहेरच्या किराणावाल्याकडे आमच्या नावे रक्कम चढली की आई त्या रस्त्यानं जायचं टाळत असे.

होसकोट्याचा एक शिंपी होता. त्याचं नाव दर आठवड्याला उजवीकडेच यायचं. त्याच्या नावे अस्तर, त्याच्या नावे गुंड्या. मी वाचलं की अण्णा खूण करत आणि पुटपुटत, "घे, घे. नुसतं घेत जा. माणसाला स्वल्प तरी लाज असावी."

आणि त्याच्याच खाली, त्याच बाजूला, कधी कधी माझं नाव असे. माझ्या नावे, मुलीची फी. माझ्या नावे, लुगडं. माझ्या नावे, डॉक्टरचे पैसे. डावीकडे माझं नाव वर्षभरात एकदाही आलं नाही. माझं नाव वाचताना आवाज इतका उतरायचा की अण्णांना पुन्हा विचारावं लागे. ते मला कधीच काही बोलले नाहीत. पण होसकोटेवाल्याला दिलेली प्रत्येक शिवी मी माझ्या पदरात घेतली. मला वाटे, त्याला बोलतात आणि मला ऐकवतात.

त्या वर्षी मुलगी मिडल स्कूल पास झाली. चांगली पास झाली. हायस्कूलची फी जास्त, पुस्तकं वेगळी, वर गणवेश. अण्णांनी आपणहून विचारलं, "काय, घालायचं ना पुढे?"

मी म्हणाले, "नको. घरीच बरी. शिवणकाम शिकेल."

अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. तुझी मर्जी."

मुलगी दोन दिवस जेवली नाही. मी तिला कारण सांगितलं नाही. दुसऱ्याच्या जिवावर किती शिकायचं, हे लेकराला कसं सांगू? तिला काजं करायला बसवलं. ती मान खाली घालून काजं करायची आणि मी तिच्यासमोरून जायची नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वह्या बदलायची तयारी सुरू झाली. जुन्या खतावणीतल्या बाक्या काढून नव्या वहीत ओढायच्या होत्या. अण्णांनी कागदावर दोन याद्या केल्या, एक दुकानाला येण्याची, एक दुकानानं देण्याची. येण्याची यादी मला वाचायला दिली. होसकोट्याचा शिंपी सगळ्यांत वर होता. खाली आणखी बरेच शिंपी. शेवटपर्यंत वाचलं, माझं नाव नव्हतं. मला वाटलं, दया येऊन वगळलं. ते मला सोसेना. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांसमोर आपणहून तोंड उघडलं.

"माझं राहिलं."

"कशात?"

"येण्यात. शिंप्यांच्या खाली."

अण्णांनी चष्मा काढला. "तू दुकानाला काय देणं लागतेस?"

"वर्षभर मीच वाचलं ना. माझ्या नावे फी, माझ्या नावे लुगडं..."

अक्का खळखळून हसली. "अगं बाई! ही स्वतःला होसकोटेवाली समजते!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी खतावणी माझ्याकडे फिरवली आणि माझं पान उघडलं. खतावणी मी आतून कधी पाहिली नव्हती. माझ्या हातात नेहमी कीर्दच असे. पानाच्या डोक्यावर, डाव्या बाजूला, वर्षाच्या सुरुवातीची मोठी रक्कम जमा होती.

"हे माझ्या भावाचं दुकानातलं भांडवल. तो गेल्यावर तुझ्या खात्यात जमा केलं. म्हणजे दुकान तुझं देणं लागतं. तू त्यातून घेतलंस की तुझ्या नावे पडतं आणि आमचं देणं तेवढं कमी होतं. होसकोटेवाल्याचं आधी काही जमाच नाही. तो घेतो तेही नावेच पडतं, पण त्याचं देणं वाढतं."

"मग नावे म्हणजे वाढलं की कमी झालं?"

"दोन्ही नाही. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचं जमा, एवढंच. वाढलं का घटलं ते खातं बघून ठरवायचं. आता बघ, आपण बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत बँकेच्या नावे टाकतो. म्हणून आपले पैसे बुडाले का? उलट बँकेकडे आपलं येणं झालं. आणि उद्या तुझं व्याज जमा करीन, तेव्हा दुकानाचं देणं वाढेल."

मी त्या पानाकडे बघत राहिले. फी, लुगडं, डॉक्टर, सगळं उजवीकडे ओळीनं होतं, आणि ते सगळं मिळूनही डोक्यावरच्या रकमेला फारसा धक्का लागला नव्हता.

अक्काचं हसू थांबलं. "म्हणजे पोरीला त्यापायी बसवलीस?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

"मला वाटलं, तुला मुलीला शिकवायचंच नाही," अण्णा म्हणाले. "भावाची बायको, तिची मुलगी. मी कोण जबरदस्ती करणार?" त्यांनीही मान खाली घातली. मला अधिकच ओशाळल्यासारखं झालं. ज्या माणसानं माझा एक पैसा इकडचा तिकडे केला नव्हता, त्याच्यासमोर मी रविवारमागून रविवार सावकारासमोर बसावं तशी बसले होते.

दुसऱ्याच दिवशी अण्णा हायस्कुलात जाऊन आले. अर्धं वर्ष सरलं होतं. जूनमध्ये या, असं शाळेनं सांगितलं.

जूनमध्ये मी स्वतः तिला घेऊन गेले. तिच्या बरोबरीच्या मुली वरच्या वर्गात गेल्या होत्या. जिन्याशी दोघीतिघी भेटल्या, त्यांनी तिला हाक मारली आणि घंटा झाली तशा वर निघून गेल्या. तिच्या वर्गात आता तिच्याहून लहान मुली होत्या. आत जायच्या आधी तिनं विचारलं, "आई, माझं शिकणं तुला जड झालं होतं का?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कीर्द, खतावणी, होसकोट्याचा शिंपी. मध्येच ती हसेल असं वाटलं होतं.

"अण्णांना नाही तर नाही," ती म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंस. मी विचारलं असतं त्यांना."

ती वर्गात गेली. मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती, तिथं बसली. मी खिडकीपाशी थोडा वेळ थांबले. तिनं वळून पाहिलं नाही.